सी थर्टीन गढूळ वाजतो? नाइन, इलेव्हन, थर्टीनमधला कोणता स्वर सोडायचा

आधी लक्षणं बघा

नाइन, इलेव्हन किंवा थर्टीन कॉर्ड धरल्यावर यातलं काही होतंय का?

- स्वर सगळे बरोबर आहेत, चार्टशी ताडून पाहिले आहेत, तरी कॉर्ड जड आणि गढूळ येतो. गाणारा मागे वळून म्हणतो, "भाऊ, तू साधा सेव्हनच धर."
- गढूळ नाही, पण आत काहीतरी करकरतं. भातात खडा लागावा तसं. इलेव्हनला हे हमखास होतं.
- थर्टीन वाजवला, ऐकू आला गोडगोड सिक्स्थ. नाइन वाजवला, पण पुढच्या कॉर्डकडे जायची ओढच नाही.
- घरी एकट्यानं छान वाटतो, बेस गिटार आली की चिखल. किंवा उलट, बँडमध्ये छान आणि घरी पोकळ.
- कीबोर्डचा रिदम चालू केला की बेस भलत्याच सुरावर जातो.

मी भुसावळला राहतो. जळगाव, अमळनेर, चोपडा, धुळे या पट्ट्यात लग्नाच्या रिसेप्शनला आणि गणपतीतल्या ऑर्केस्ट्राला बरीच वर्षं कीबोर्ड वाजवतोय, चार पोरं घरी शिकायलाही येतात. "दादा, मन्हा सी थर्टीन गढूळ वाजस," हे वाक्य दर हंगामात एकदा तरी ऐकतो. पाचही लक्षणांमागचं कारण बहुतेक वेळा एकच निघतं. सोडायचा तो स्वर धरलेला असतो, नाहीतर धरायचा तो सोडलेला असतो. खाली तपासण्या मी करतो त्याच क्रमानं दिल्या आहेत. फुकटातल्या आधी आणि पैसे लागतील त्या शेवटी.

बोलणं सोपं जावं म्हणून सा म्हणजे सी, आपली पांढरी एक, असं धरतो. सी सेव्हन म्हणजे सा, ग, प आणि कोमल नी, म्हणजे काळी पाच. त्याच्यावर तशीच एकाआड एक उडी मारत गेलो की वरचा रे हा नववा, वरचा म अकरावा आणि वरचा ध तेरावा. आता मोजा. सा, ग, प, कोमल नी, रे, म, ध. पूर्ण सी थर्टीन म्हणजे खमाज थाटाचे सातही स्वर एकदम दाबणं. थाट ओळीनं वाजवला तर गाणं होतं, एकदम दाबला तर भरीत होतं. बोटं दहा असल्यामुळे सात दाबता येतात, इथेच माणूस फसतो.

पहिली तपासणी: डावा हात फार खाली आहे का?

काही सोडायच्या आधी तोच कॉर्ड एक सप्तक वर सरकवून वाजवा. दहा सेकंदांचं काम आहे. गढूळपणा निम्म्याहून जास्त गेला तर दोष जागेचा होता.

मधल्या सीच्या दोन सप्तकं खालचा सी साधारण ६५ हर्ट्झवर असतो आणि त्याच्याजवळचा ग ८२ वर. फरक फक्त १७. इतके जवळचे दोन खालचे सूर कानाला वेगवेगळे करता येत नाहीत, एकच थरथर ऐकू येते. हेच दोन स्वर मधल्या सीपासून वाजवले तर २६२ आणि ३३० होतात, फरक ६८ हर्ट्झ, आणि गोडी येते. म्हणून मधल्या सीच्या एक सप्तक खालचा जो सी आहे, त्याच्याही खाली मी दोन जवळचे स्वर एकत्र धरत नाही. तिथे एकटा सा चालतो, सा आणि वरचा सा चालतो, फार तर सा-प. ग आणि नी यांना वर न्यायचं.

आपल्याकडच्या हॉलमध्ये याचा त्रास दुप्पट. पत्र्याचं छत, खाली फरशी आणि साउंडवाल्यानं बेसचं बटण उजवीकडे टोकाला नेलेलं. घरच्या स्पीकरवर निभावलेला डावा हात तिथे नुसता घुमतो.

दुसरी: ग आणि नी जागेवर आहेत का?

उजवा हात उचला. फक्त सा, ग आणि कोमल नी वाजवा. हे तीन स्वर ऐकून "हा सी सेव्हनच्या घरातला आहे आणि याला एफकडे जायचंय" असं वाटलं पाहिजे. वाटत नसेल तर वरचे रे-ध कितीही सजवा, उपयोग नाही.

ग सांगतो कॉर्ड मेजर की मायनर. नी सांगतो तो डॉमिनंट, मेजर सेव्हन की नुसता साधा. ही कॉर्डची ओळख आहे. कोमल नी काढला की सी नाइनचा ॲड नाइन होतो आणि सी थर्टीनचा सिक्स्थ. तिसरं लक्षण म्हणजे हेच. पोरं ध सापडला या आनंदात काळी पाच सोडून देतात, कारण ध आणि कोमल नी शेजारी आहेत आणि बोटं अडखळतात. मग म्हणतात थर्टीन गोड का वाजतो. तो थर्टीन राहिलेलाच नसतो.

यात आणखी एक गोम आहे. ध जर खालच्या सप्तकात पडला आणि नी त्याच्या वरच्या सप्तकात, तर दोघांमध्ये काळ्या-पांढऱ्या धरून १३ पट्ट्यांचं अंतर पडतं आणि ते बोचतं. नी खाली आणि ध वर ठेवा, अंतर ११ होतं आणि तेच दोन स्वर चमकायला लागतात. दोघं अगदी शेजारी चिकटून, ध आणि लगेच नी असे मधल्या सप्तकात वाजले तरी चालतं, बरेच पियानोवाले मुद्दाम तसे धरतात. त्रास १३ चा आहे. हा आकडा लक्षात ठेवा, चौथ्या तपासणीत परत येणार आहे.

तिसरी: प सोडा

सगळ्यात आधी सोडायचा स्वर हाच, आणि निर्धास्तपणे सोडायचा. सी नाइनमधून प काढा, कुणाला कळणार नाही. कळलंच तर कॉर्ड मोकळा झाला एवढंच कळेल.

सा वाजतो तेव्हा त्याच्या पोटात प आधीच वाजत असतो. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून वरचे सूर निघतात तसंच. मधल्या सीच्या खालचा सी १३१ हर्ट्झचा, त्याची तिप्पट ३९२, आणि ३९२ हर्ट्झ म्हणजे मधल्या सप्तकातला प. वेगळा प दाबून तुम्ही असलेलीच गोष्ट जाड करता. शिवाय प मेजरमध्ये तोच आणि मायनरमध्येही तोच, म्हणजे ओळख पटवायला त्याचा काडीचा उपयोग नाही. एका हुशार पोरानं विचारलं होतं, "मग ग पण साच्या पोटात असतो ना?" असतो, पाचव्या पटीवर. पण तो बराच हलका असतो आणि पियानोच्या ग पेक्षा जरा उतरलेला असतो. आणि मायनर कॉर्डला कोमल ग लागतो, तो आपोआप कुठून येणार? म्हणून ग हातानंच द्यावा लागतो.

अपवाद एकच. चार्टमध्ये प च्या आकड्यावर फ्लॅट किंवा शार्पचं चिन्ह असेल, फ्लॅट फाइव्ह किंवा शार्प फाइव्ह, तर तो प सोडायचा नाही. तो आता साधा प नाही, कॉर्डचं नाव त्याच्यावर उभं आहे. नऊ, अकरा, तेरालाही हेच लागू. ज्याच्यावर चिन्ह, तो स्वर राहणार.

चौथी: म आहे का आणि त्याच्या खाली शुद्ध ग आहे का?

करकर होत असेल तर बहुतेक इथेच सापडते. पहिल्या तीन तपासण्या करून दोष राहिला असेल तर इथे वेळ घालवा.

खालचा शुद्ध ग आणि वरच्या सप्तकातला म एवढेच दोन धरा, बाकी काही नाही. ऐका. मोजलंत तर अंतर बरोबर १३. मघाचा आकडा. सात स्वर एकदम वाजताना नेमका खडा कुठे आहे ते कळत नाही, दोनच वाजवले की लगेच कळतं. कुठल्याही कॉर्डमध्ये करकर शोधायची तर मी दोन-दोन स्वरांच्या जोड्या करून १३ ची जोडी हुडकतो. सापडली की दोघांतला एक काढतो. डॉमिनंट कॉर्डवर मुद्दाम लिहिलेला फ्लॅट नाइन, म्हणजे सा आणि वरचा कोमल रे, तेवढी जोडी सोडून. तिथे ती बोच हवी म्हणूनच लिहिलेली असते.

ग-म च्या भांडणाला दुसरंही एक कारण आहे, आणि मला ते जास्त पटतं. सी सेव्हनमधल्या ग ला वर चढून म वर जायचं असतं. म म्हणजे एफ, पुढच्या कॉर्डचा सा. सगळा ताण त्या अर्ध्या पायरीत आहे. तुम्ही ग आणि म एकदम वाजवलेत की पाहुणे यायच्या आधीच पंगत उठली. ताणही राहत नाही, सुटकाही मिळत नाही.

आता दोघांतला कोणता काढायचा? हे कॉर्डच्या नावावर ठरतं, आणि इथे पोरांचा गोंधळ होतो.

सी इलेव्हन असेल तर ग काढा. नावातच अकरा आहे, म काढून कसं चालेल? दुसऱ्या तपासणीत मी ग ला ओळख म्हटलं आणि इथे तोच काढायला सांगतोय, हे मला माहीत आहे. इलेव्हनमध्ये म हा ग च्या जागी बसतो आणि कॉर्ड सस होतो, लटकता. सगळ्यात सोपी युक्ती अशी: डाव्या हातात नुसता सी, उजव्या हातात बी फ्लॅट मेजर, म्हणजे कोमल नी, रे, म. झाला सी इलेव्हन. चारच स्वर, एकही १३ ची जोडी नाही. गिटारवाल्यांच्या चार्टमध्ये "बी फ्लॅट ओव्हर सी" लिहिलेलं असतं ते हेच.

सी थर्टीन असेल तर म काढा. इथे नाव तेराचं आहे, अकरा फक्त वाटेत आलाय. ग ठेवायचा, म जाऊ द्यायचा. थर्टीनच्या नावात अकरा दिसत नसला तरी पुस्तकात सात स्वर छापलेले असतात, आणि पोरं छापलेलं सगळं वाजवतात.

सी मायनर इलेव्हन असेल तर काहीच काढू नका, प तेवढा सोडा. कोमल ग आणि वरचा म यांच्यात १४ पट्ट्या आहेत, १३ नाहीत, आणि मायनर इलेव्हन म्हणूनच इतका मऊ वाजतो. इथे उगाच घाबरून कोमल ग काढला तर मायनरपणाच गेला.

राहिला मेजर सेव्हन. त्याच्यावर शुद्ध म चढवला की हाच त्रास, म्हणून लिहिणारे बहुधा शार्प इलेव्हन लिहितात. तीव्र म, काळी तीन. सातही स्वर धरले तर तो कल्याण थाट. तीव्र म आणि ग मध्ये १४ पट्ट्या, भांडण नाही. पण चार्टवर शार्प लिहिलेलं नसताना आपल्या मनानं तीव्र म लावू नका. गाणारा शुद्ध म गात असेल तर दोघं स्टेजवरच भांडाल.

पाचवी: सा कोण वाजवतंय?

बेस गिटार किंवा बेस वाजवणारा दुसरा कीबोर्ड सोबत असेल तर तुमच्या हातातला सा सोडता येतो. १९५० च्या दशकाच्या शेवटी बिल इव्हान्ससारख्या जाझ पियानिस्टांनी डाव्या हातात सा न धरायची पद्धत रुळवली, ती बेसवाला शेजारी उभा होता म्हणूनच. डावा हात मधल्या सीच्या आसपास ग, प, नी, रे असा धरला की सी नाइनचा सगळा रंग येतो आणि खालची जागा बेसला मोकळी मिळते.

एकटे असाल तर मात्र सा सोडू नका. ग, प, कोमल नी, रे हे चार स्वर एकट्यानं वाजवले तर ऐकणाऱ्याला त्यात सी दिसणारच नाही. तो त्याला जी मायनर सिक्स्थ म्हणेल किंवा ई मायनर सेव्हन फ्लॅट फाइव्ह म्हणेल, आणि त्याचं चुकणार नाही. स्वर तेच आहेत. घरी पोकळ, बँडमध्ये छान, याचं कारण हे.

आणि बँडमध्ये चिखल होतो त्याचं कारण बरोबर उलटं. बेसवाला सा धरून बसलाय आणि तुम्हीही त्याच पट्ट्यात सा-प-सा ठोकताय. दोघांतल्या एकानं वर सरकावं, आणि बेसवाला सरकू शकत नाही.

एक भानगड सांगतो. एका मुलानं मोबाइलवर कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग पाठवलं, म्हणे माझे सगळे कॉर्ड हवेत लटकतात. मीही पंधरा मिनिटं डोकं लावलं. नंतर तेच हेडफोनवर ऐकलं तर बेस व्यवस्थित होता. मोबाइलच्या एवढ्याशा स्पीकरला खालचा सूर काढताच येत नाही. कॉर्ड तपासायचा तर हेडफोन लावा, नाहीतर भलताच उपचार कराल.

आपल्याकडे जास्त दिसणारं दुखणं रिदमवाल्या कीबोर्डचं आहे. डाव्या हाताच्या भागात धरलेल्या स्वरांवरून कीबोर्ड स्वतः कॉर्ड ओळखतो आणि बेस वाजवतो. तुम्ही व्हिडिओ बघून तिथे ग-प-नी-रे धरलंत, की त्याला समोर बेसवाला आहे असं थोडंच वाटतं! तो बेस ग वर किंवा प वर नेतो आणि गाण्याचा पाय घसरतो. उपाय साधा आहे. डाव्या भागात फक्त सा, ग, कोमल नी धरा, म्हणजे कीबोर्ड त्याला सी सेव्हन समजेल. रे, ध हा रंग उजव्या हातानं द्या. पुष्कळ कीबोर्डांच्या पुस्तिकेत मागे कॉर्डचा तक्ता असतो आणि त्यात काही स्वर कंसात छापलेले असतात. ते सोडले तरी कीबोर्ड कॉर्ड ओळखतो. तो तक्ता काढून नाइन आणि थर्टीनसमोर कोणता आकडा कंसात आहे ते बघा. पाच सापडेल.

एक केस सुरुवातीपासून शेवटपर्यंत

अमळनेरचा एक मुलगा, हात चांगला, वाचन चांगलं. एरंडोलजवळच्या एका रिसेप्शनमध्ये सी थर्टीनवरून एफ मेजर नाइनवर जायची जागा होती, आणि तिथे गाणारी दरवेळी सूर चाचपडायची. त्याचे हात असे होते: डाव्यात मधल्या सीच्या दोन सप्तकं खालच्या सीपासून सा, ग, प, कोमल नी. उजव्यात मधल्या सीच्या वर रे, म, ध. सात स्वर, एकही चुकलेला नाही.

पहिल्यांदा डावा हात एक सप्तक वर घेतला. घुमणं कमी झालं, करकर तशीच. दुसरी तपासणी ठीक, ग आणि नी होते. तिसऱ्यात प काढला. जरा श्वास आला. चौथ्यात ग-म ची जोडी एकटी वाजवली, त्यानं तोंड वाकडं केलं, म काढला आणि करकर गेली. पाचवा प्रश्न, बेस आहे का? त्या दिवशी नव्हता, दोनच वाद्यं, म्हणून सा ठेवला.

उरले सा, ग, नी, रे, ध. आता ते मांडायचे कसे? डाव्या हातात मधल्या सीच्या खालचा सा आणि त्याच्या वरचा कोमल नी. उजव्या हातात मधल्या सप्तकातले ग आणि ध, आणि त्यावर तार सप्तकातला रे. उजव्या हातातली दोन्ही अंतरं पाच-पाच पट्ट्यांची, सुटसुटीत. कुठेही १३ नाही, खाली गर्दी नाही.

आता एफकडे जायचं. डाव्यातला सा सुटतो आणि त्याच सप्तकातला म येतो. कोमल नी एक पट्टी खाली उतरून ध होतो. उजव्यातला ग आहे तिथेच राहतो, ध उतरून प होतो, वरचा रे उतरून सा. खालून वाचा: म, ध, ग, प, सा. एफ मेजर नाइनचे पाचही स्वर आले, एकही सोडावा लागला नाही, आणि बोटं जेमतेम हलली. इथे प नाव बघून बुजू नका. एफच्या घरात तो नववा आहे, पाचवा नाही. एफचा पाचवा म्हणजे आपला वरचा सा, तो इथे जागा आहे म्हणून ठेवला. हात अपुरा पडला तर तोच आधी जाईल.

मुलानं विचारलं, आणखी कमी करता येईल का? येईल. सी थर्टीनमधून रे काढा. सा, नी, ग, ध या चार स्वरांतही तो थर्टीनच राहतो. गाणारी नेमका ध गात असेल तर तोही तिच्यावर सोडून देतो मी. तिच्या तोंडातला स्वर तुम्ही त्याच जागी ठोकलात आणि ती केसभर वर-खाली असली, तर बदनाम तीच होते.

सहावी: दोष यंत्रात तर नाही?

मांडणी बरोबर, तरी आवाज बरोबर नाही, तर मग कीबोर्डकडे वळा. कॉर्डचा प्रत्येक स्वर एकेकटा, सारख्या जोरानं वाजवा. आपल्याकडच्या धुळीनं पट्टीखालच्या रबरी काँटॅक्टमध्ये घाण बसते आणि एखादी पट्टी हळू वाजते किंवा वाजतच नाही. काळी पाच गेली असेल तर तुमचे सगळे सी नाइन ॲड नाइनच होणार आणि तुम्ही बोटांना दोष देत बसणार. तसंच सस्टेन पेडल सोडून आणि दुसरा आवाज बंद करून बघा. जुन्या कीबोर्डात एका वेळी ३२ च आवाज निघतात. दोन आवाज एकत्र लावले, रिदम चालू, पेडल दाबलेलं, वर सात स्वरांचा कॉर्ड, की आधीचे स्वर मधूनच तुटतात. स्वर कमी केल्यानं इथेही फायदा होतो.

खऱ्या पियानोवर एकेक पट्टी वाजवून नुसता एक स्वर ऐका. मधल्या आणि वरच्या सप्तकात एका पट्टीला तीन तारा असतात. एकच पट्टी दाबली असताना आवाज वांव-वांव डोलत असेल तर त्या तीन तारा एकमेकींशी जुळलेल्या नाहीत. भुसावळच्या उन्हाळ्यात लाकूड सुकतं, पावसाळ्यात फुगतं, आणि पियानोचा सूर त्याबरोबर खाली-वर होतो. साधा मेजर कॉर्ड हे खपवून घेतो, थर्टीन घेत नाही.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

एकटी पट्टी डोलते आहे, तर पियानो ट्यूनर. स्वतः पाना लावून खुंट्या फिरवू नका. फ्रेमवर कित्येक टनांचा ताण असतो, तार तुटते किंवा खुंटी कायमची सैल होते, आणि मग ट्यूनिंगच्या पैशांत काम भागत नाही. आपल्याकडे ट्यूनर बाहेरगावाहून येतो, म्हणून बोलावण्याआधी कोणत्या कोणत्या पट्ट्या डोलतात ते वहीत लिहून ठेवा, आणि पावसाळा पूर्ण संपल्यावर बोलवा.

पट्टी हळू वाजते किंवा मेली आहे, तर कीबोर्डचा मेकॅनिक. याआधी कधी उघडला नसेल तर आता उघडू नका. आत पट्ट्यांपासून बोर्डापर्यंत चपट्या वायरी असतात, त्या एकदा निसटल्या की बारा पट्ट्या एकदम जातात.

स्वर एकेक करून लिहिलेलं नोटेशन समोर असेल, आणि एखाद्या अरेंजरनं ते बाकीच्या वाद्यांसाठीही लिहिलं असेल, तर वरचं काहीही करू नका. तुम्ही सोडलेला म कदाचित व्हायोलिनला दिलेलाच नसेल. लिहिणाऱ्याला फोन करा. सोडायची मुभा फक्त कॉर्डचं नाव लिहिलेलं असतं तिथे आहे.

आणि सा पासून वरच्या ग पर्यंत, म्हणजे दहाव्यापर्यंत हात ताणताना मनगटात किंवा अंगठ्याच्या मुळाशी दुखत असेल तर त्याच क्षणी सोडा. सा डाव्या हातानं आधी वाजवून पेडलवर धरा आणि नी-ग नंतर घ्या, किंवा ग उजव्या हाताला द्या. दोन-चार दिवस विश्रांती देऊनही दुखणं राहिलं तर डॉक्टरला हात दाखवा. मी एक अख्खा लग्नाचा हंगाम तसाच ताणून काढला होता, आणि पुढचे तीन महिने त्या हातानं चहाचा कपसुद्धा धरवत नव्हता.